टेपने घेतलेलं डोळ्यांचं माप

आमचे मालक आष्ट्यात शिवणकाम करायचे. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. नव्वद सालाच्या आसपास त्यांना पहिला चष्मा लागला, तो सांगलीतल्या एका छोट्या दुकानातून घेतला. पुढचे सगळे चष्मेही तिथलेच. पण त्यात दोन खेपा व्हायच्या, एक माप द्यायला, एक चष्मा आणायला. म्हातारपणी गुडघे धरले आणि एसटीची पायरी त्यांना जड जायला लागली.

परवापरवा, म्हणजे पाच-सहा वर्षं झाली असतील, नंबर बदलला. तपासणी गावातच झाली. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, चिठ्ठीचा फोटो पाठव. मी ऑनलाइन मागवतो. माझा तसाच आलाय, झकास आहे." खरं सांगते, मला बरंच वाटलं. पोराने बापाला काहीतरी द्यावं, कुठल्या आईला नको वाटेल?

संध्याकाळी त्याचा परत फोन. "दोन बुबुळांमधलं अंतर विचारतायत. मिलिमीटरमध्ये. चिठ्ठीवर नाही."

मालक हसले. "मला माप शिकवतोय व्हय? आण गं टेप."

मी त्यांच्यासमोर बसले. टेप एका डोळ्यापासून नाकावरून दुसऱ्या डोळ्यापर्यंत नेली. "सैल सोडू नगंस," ते म्हणाले, "अंगाला बसली पायजे." मी अंगाला बसवली. बहात्तर भरले. मुलाने तेच टाकलं आणि पैसे भरले.

चष्मा आला देखण्या डबीतून. मालकांनी घातला, सुईकडे बघितलं आणि म्हणाले, "डोळं जरा ओढल्यागत व्हत्यात."

शेजारीण म्हणाली, "आवं मास्तर, नव्या चष्म्याची सवय व्हायला दिवस लागत्यात."

मग काय, सवयीची वाट बघत बसलो. त्यांचं कपाळ दुखायचं, दोन ओळी एकमेकींवर चढायच्या. मुलाला सांगू का म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हौसेनं पाठवलाय त्यानं." परत करायचे दिवस त्यातच निघून गेले. एक जुनी गिऱ्हाईक बाई ब्लाउज घेऊन आली. दोन बाह्या दोन तऱ्हेच्या. ती हसतच म्हणाली, "मास्तर, आता नातवंडं खेळवा."

बाई थट्टेनं बोलली. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. महिन्याभरात हातातली कापडं दुसऱ्या शिंप्याकडे दिली आणि मशीन साताऱ्याकडच्या माझ्या भाचीला पाठवून टाकलं. "डोळं गेलं माझं," एवढंच म्हणाले.

पुढं चष्म्याची नाकावरची टेकण तुटली, म्हणून सांगलीला जावं लागलं. दुकानदारही आता पिकलेला. त्याने टेकण बसवता बसवता विचारलं, "मास्तर, शिलाई बंद का केली?" यांनी सांगितलं. त्याने चष्मा यंत्राखाली धरला, दोन्ही काचांवर शाईचे ठिपके दिले आणि मालकांच्या डोळ्यांवर चढवला. ठिपके बुबुळांच्या बाहेरच्या अंगाला उभे. मलासुद्धा दिसले.

"अंतर कुणी मोजलं?"

"मी," म्हटलं. "टेपनं."

"वैनी, टेप नाकावर चढली आन् उतरली. हे सरळ मोजायचं असतंय." त्याने डोळ्यांपुढं पट्टी आडवी धरली. चौसष्ट.

मालक म्हणाले, "म्हंजे काच खोटी धाडली का?"

"काच खरी हाय. तुमी कळवलं तसंच केलंय त्यांनी. ऑनलाइन मागवा की, न्हाई कोण म्हणतंय? पण पैसं भरायच्या आधी हे अंतर मोजून घ्या. नंबराच्या अधिक-उण्याची खूण चिठ्ठीसंगं ताडून बघा. चष्मा दोन नंबरांचा असंल तर खालच्या जवळच्या नंबराची रेघ कुठं यायची, ते विचारा. न्हाई जमलं तर किती दिवसांत परत घेत्यात, तेबी वाचा. आन् डोकं दुखलं तर सवय व्हायची वाट बघू नगा."

मग त्याने यांना विचारलं, "काम डोळ्यापास्नं किती लांब धरता?" एवढ्या वर्षांत आम्ही ते आपणहून कधी सांगितलंच नव्हतं, कारण दरवेळी तोच विचारायचा; ऑनलाइन मागवताना ते राहूनच गेलं. यांनी हात पुढं करून दाखवला. समोर सुई नव्हती, पण हात बरोबर त्याच जागी थांबला.

त्याच्याकडचा नवा चष्मा आणला, तेव्हा परतीच्या एसटीत हे तिकिटावरची बारीक अक्षरं वाचत होते. एकदाच म्हणाले, "डोळं बरं व्हतं की गं माझं."



मशीन परत मागा म्हटलं, तर यांनी नाही म्हणून मान हलवली. भाचीचं घर त्याच मशीनवर चालायला लागलं होतं. दुसरं घ्यायची उमेद त्यांच्यात राहिली नव्हती, गिऱ्हाईकंही दुसरीकडं रुळली होती. आता हे दुपारभर पेपर वाचतात, अगदी छोट्या जाहिरातीसुद्धा. मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, चष्मा कसा आहे?" हे म्हणतात, "झ्याक हाय."

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.