माइक चालू होता

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कोणी विचारलंच, तर 'धाकट्याला अकोल्यात काम मिळालं, म्हणून तो गेला' एवढंच सांगत आलो. खरं म्हणजे मीच त्याला घालवलं.

अमरावतीत कोर्टाबाहेर आम्हा दोघा भावांची टायपिंगची दोन टेबलं शेजारीशेजारी होती. धाकट्याला लकवा मारला आणि त्याचा उजवा हात गेला. काही महिन्यांनी तो परत आला, तो मोबाइल घेऊन. त्यात बोलायचं, आणि बोललेलं मराठीत उमटायचं. मला ते बघवत नव्हतं. बोटांची हाडं झिजवून मी हा धंदा शिकलो होतो.

"कावून बे," मी म्हणालो, "हात गेला तं तोंडाचं दुकान मांडलं का?"

"पोट तं भरा लागते नं, दादा," तो म्हणाला.

त्याने पद्धत बसवली होती. फोन तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद. शब्द तोडून न बोलता आख्खं वाक्य एका लयीत. घरी 'मले, तुले' बोलणारा भाऊ फोनशी मात्र पुस्तकातलं मराठी बोले. 'पूर्णविराम' म्हटलं की टिंब पडे. 'स्वल्पविराम' कधी चिन्ह होई, कधी तो शब्दच उतरे. मग असे शब्द शोधून शेवटी एकदम बदलायचे. मधे स्क्रीनकडे बघायचं नाही, परिच्छेद संपल्यावरच तपासायचं. नावं, गट नंबर, तारखा डाव्या बोटाने. मी हे सगळं शेजारून बघत होतो आणि मनात जळत होतो.

एका वकिलांकडे वर्षभराचं काम होतं. हाताने लिहिलेले मसुदे टाइप करायचे. धाकट्याला ते मिळालं असतं, तर त्याचं टेबल टिकलं असतं. वकील म्हणाले, "एकाच मसुद्याची पानं दोघं करा. ज्याचं आधी आणि नीट होईल, त्याले काम."

मी कळफलकावर तुटून पडलो. माझ्या टायपिंगला चूक माहीत नव्हती. पण माझं पान अर्ध्यावर होतं, तेव्हा त्याचं दुसरं सुरू झालं होतं. दुरुस्तीचा वेळ धरला तरी तो माझ्या आधी उठणार, हे मला दिसत होतं.

माइकला आपला कोण, परका कोण, हे कळत नाही. जवळ जो बोलेल, त्याचं तो लिहून घेतो. हे मला त्यानेच सांगितलं होतं.

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि चहावाल्याला सांगितल्यासारखं मोठ्याने बोललो, "एका हाताचा टायपिस्ट! असा माणूस घरी बसलेला बरा. लोकांचे कागद नासवते."

त्याने कागदावरची नजर न काढता डावं बोट ओठांवर ठेवलं. गप. मी थांबलो नाही. तो वाचत राहिला. पान संपलं. तो तपासायच्या आधीच वकील येऊन वाकले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. अर्जदाराच्या म्हणण्यात, जमिनीच्या चतुःसीमेच्या मधोमध माझी वाक्यं बसली होती. 'एका हाताचा टायपिस्ट असा माणूस घरी बसलेला बरा लोकांचे कागद नासवते'. विरामचिन्ह एकही नाही.

आजूबाजूचे हसले. वकील हसले नाहीत. "हे असं कोर्टात गेलं तं माहं काय होईन?" असं म्हणून त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

धाकट्याने फोन खिशात घातला. "दादा, तुले काम पायजे होतं तं मागाचं होतं," तो म्हणाला. "मी देल्लं असतं."

"चल बे, आला मोठा देणारा," मी म्हणालो. हेही मी म्हणालो.

त्याच आठवड्यात तो बायकोच्या माहेरी, अकोल्याला निघून गेला.

गेल्या महिन्यात मी अकोल्याला गेलो. एका गल्लीत त्याचं छोटं दुकान आहे. खिडकीला जाड पडदा, दारावर पाटी: 'माइक चालू आहे, बोलू नये'. मी आत गेलो. त्याने मला बघितलं, बोटाने स्टूल दाखवलं, आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

मी बसलो. तो कोणाचं तरी वाटणीपत्र वाचत होता. पूर्णविराम. नवीन परिच्छेद. एक कागद संपला, त्याने दुसरा ओढला. मधे क्षणभरही थांबला नाही. मला कळलं, तो मुद्दाम थांबत नव्हता. मी बोललो असतो, तर माझं बोलणं पुन्हा कोणाच्या तरी कागदात गेलं असतं. तेवढं मला आता करायचं नव्हतं.

गाडीची वेळ झाली तेव्हा मी उठलो. त्याने मान वर केली नाही.

त्या दिवशी तुझं काम तुझ्या तोंडाने बिघडलं नव्हतं, ते मी बिघडवलं. मला माफ कर. एवढंच घेऊन मी गेलो होतो, आणि तेवढंच घेऊन परत आलो.