माझ्या खात्याची घंटी त्याच्या खिशात

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर, आणि त्या वयात मला एका विमानाच्या तिकिटापायी माझ्या धाकट्या भावाच्या अंगणात उभं राहावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊ देणार पण नाही.

मी चौथी शिकलो. पुढं कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्यात नेण्यात आयुष्य गेलं. पोरीला मात्र शिकवलं, आणि ती शिकत शिकत पार जर्मनीत गेली. लग्न झालं, तिथंच नोकरी. तिचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं असते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला बी समजते. डॉक्टरीणबाईनं तिला विमानात बसायची मनाई केली होती. मग ती येत नाही तर तिची माय जाईल, असं ठरलं. व्हिसा उशिरा लागला. दिवस भरत आलेले, आणि नागपूरहून त्या आठवड्यात एकाच विमानात परवडेल अशी जागा होती. पुढची स्वस्त जागा तारखेनंतरची. म्हणजे माय पोचायच्या आधीच सगळं आटपलेलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, तिकीट मी काढतो. तुम्ही मधात पडू नका."

मी म्हटलं, "बाळंतपण माह्या घरचं, अन् तिकीट तुह्या घरचं? लोकं काय म्हणतीन?"

बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लोकं विमानापर्यंत येत नाईत. काढू द्या तिले."

मी चूप बसलो. तीच चूक झाली.

तिनं तिकडून आपलं कार्ड लावलं. दोनदा कंपनीच्या साइटनं नाही म्हटलं. तिच्या बँकेला वाटलं, कोणीतरी चोर भारतातून निघणारं तिकीट काढून राहिला. तिनं बँकेला कळवलं की बाई मीच आहे. तिसऱ्यांदा पैसे कटले, तिकीट झालं, बायकोनं देवापुढं साखर ठेवली. घंटाभरानं कंपनीचा मेल आला. कार्ड परदेशातलं, कार्डवाली बाई वेगळी, प्रवास करणारी वेगळी. म्हणून तपासणी लागेल. नागपूरच्या विमानतळावर खिडकीशी तेच कार्ड हातात घेऊन दाखवा, नाहीतर बसू देणार नाही.

कार्ड जर्मनीत, बाई इकडं आमच्या गावात, अल्लीपुरात. ज्यानं हा नियम केला त्याला माय होती का नव्हती, मला कोणी सांगावं.

पोरीनं कंपनीला फोन लावला. आधी बाजा वाजला, मग एक बाई बोलली, मग दुसरा माणूस. कार्डाचा फोटो चालेल का? नाही. चिठ्ठी लिहून देतो. नाही. शेवटी त्यानं मेहरबानी केली: हे पैसे परत येतील, पण काही दिवसांनी, जागा संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवतो, तोवर प्रवाशाच्या नाहीतर भारतातल्या घरच्या माणसाच्या कार्डानं भरा. पोरीच्या कार्डाची मर्यादा त्या अडकलेल्या पैशातच संपली होती. जावयानं आपलं कार्ड एका भारतातल्या साइटवर घालून पाहिलं, तिनं परदेशी कार्ड घेतलंच नाही.

दिवस रविवार. बँक बंद. हिंगणघाटच्या तिकिटं काढणाऱ्याचं दुकान बंद, फोन बी उचलेना.

बायको म्हणाली, "किराणावाल्या शेठजीजवळ हाये म्हणते कार्ड."

"शेठजीच्या कार्डावर माह्या पोरीचं बाळंतपण करू?"

"मंग तुमचं काढा. पेटीत कायले पुजून ठेवलं?"

माझं कार्ड होतं. मी त्यानं एटीएमातून पैसे काढतो, बाकी त्याला हात लावत नाही. पोरगी म्हणाली, त्यावर ऑनलाइन खरेदी बंद असेल, एटीएमवर जाऊन चालू करता येते. मी गेलो. मशीनवर मराठी लावली, एक एक अक्षर लावून वाचलं आणि चालू केलं. मागं एक जण उभा होता, तो म्हणाला, "बाबाजी, मी करून देऊ का?" मी म्हटलं, "तुले घाई असन तं दुसऱ्या मशीनवर जा." गावात दुसरी मशीन नाही.

घरी येऊन पोरीला आकडे सांगितले. समोरचे, मागचे, सगळे. आतून मला बरंच वाटत होतं. शेवटी झालं ना माझ्याच पैशानं.

"आता ओटीपी येईल बाबा. फोन पाहा."

फोन पाहत बसलो. फोन मेल्यासारखा पडला होता. वेळ संपली. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा वेळ संपली. मी फोन बंद करून चालू केला, अंगणात नेला, छपरावर चढायला निघालो तर बायकोनं धोतर धरलं.

"बाबा," पोरगी म्हणाली, "बँकेत नंबर कोणता देला होता? इथं शेवटचे चार आकडे दाखवते, अन् थे तुमचे नाईत." तिनं ते वाचले. "बाबा, हा तं काकाचा नंबर हाये."

तेव्हा आठवलं. गावात शिबिर भरवून खाती उघडली तेव्हा माझ्याजवळ फोनच नव्हता. साहेबानं नंबर मागितला, भाऊ बाजूला उभा होता, त्यानं आपला सांगून टाकला. तेव्हा आम्ही एका ताटात जेवणारे होतो. पोरीच्या लग्नात त्याला आहेराचं धोतर-पागोटं व्याह्यांच्या माणसांनंतर दिलं गेलं. गर्दीत झालं. तो न जेवता मांडवातून उठून गेला, आणि सख्ख्या पुतणीच्या लग्नातून उपाशी उठणाऱ्याशी मी बोललो नाही. चार वर्षं झाली होती. एक गल्ली सोडून त्याचं घर.

म्हणजे इतकी वर्षं माझ्या खात्यात काय आलं, काय गेलं, ते त्याच्या खिशात वाजत होतं. माझ्या अंगाची आग झाली.

पोरीनं मला न विचारता काकाला फोन लावला. परत माझ्याशी बोलली तेव्हा तिला हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं.

"काका म्हणते, ओटीपी आलता दोनदा. पण बँकवाल्यानं सांगून ठेवलं, कोणालेच सांगाचा नाई, सख्ख्या पोरीले बी नाई. ज्याचं खातं त्यानं स्वतः यावं."

"त्याले म्हणा, मी मरीन पण येणार नाई."

"बाबा, पाच वाजले."

बायको उठली, पदर खोचला. "तुम्ही बसा. मी जातो. माह्या पोरीजोळ मले पोचाचं हाये. तुमच्या पागोट्याचं तुम्ही पाहा."

"ज्याचं खातं त्यानं या म्हणते थो," मी म्हटलं.

"मंग ऊठा ना."

उठलो. चपला घातल्या. एक हात कानाला, फोनवर पोरगी, मागून बायको. गल्लीतल्या बाया दारात येऊन पाहत होत्या. पाहा म्हटलं.

भाऊ अंगणात बाजेवर बसून सुपात तूर निसत होता. त्यानं मान वर केली.

"ये दादा. बस."

"बसाले नाई आलो."

"मंग उभा राह्य. अंगण सरकारी हाये का, उभं राह्याले पैसे नाई लागत."

मी पोरीला म्हटलं, लाव आता. भावाचा फोन बाजेवर पडला होता. आम्ही दोघं त्याकडं बघत उभे, जसं काही त्यातून साप निघणार आहे. टण् वाजला. भावानं उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"चष्मा कुठी गेला?"

"काका, वेळ जाते," माझ्या हातातून पोरगी ओरडली.

त्याची बायको आत धावली, हंड्याजवळ पाहिलं, देवाजवळ पाहिलं. शेवटी भावानं फोनच माझ्या हातात दिला. "तूच वाच. तुहंच हाये."

इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. सहाचे सहा वाचून सांगितले.

"झालं बाबा. झालं. तिकीट आलं."

बायको मटकन ओसरीवर बसली. भावजयीनं तिच्या हातात पाण्याचा गडू दिला. त्या दोघी लगेच बोलायला लागल्या, कपडे किती न्यायचे, डिंकाचे लाडू नेऊ देते का, जसं काही चार वर्षं झालीच नव्हती.

मी फोन परत देत होतो. त्या ओटीपीच्या वर माझ्या खात्याचे जुने मॅसेज होते. अंगठा सरकवला, संपेनात. एक बी पुसला नव्हता.

"सगळं वाचत होता तू?"

"वाचाले चष्मा लागते," तो म्हणाला. "वाजलं का आपलं पोरगं वाचून सांगे. कापसाचे आले. खताचे गेले."

"लाज नाई वाटली?"

"नंबर तूच देला."

"तू देला. मी नाई."

"बरं, मी देला." त्यानं सुपातला एक खडा काढून फेकला. "मागच्या साली वहिनी दवाखान्यात होती, तवा रोज पैसे गेले म्हणून सांगे थो. दोनदा तुह्या दारापर्यंत आलतो."

"मंग आत काऊन नाई आला?"

"तू बोलावलं होतं?"

माझ्या घरात दुखणं होतं हे त्याला ठाऊक, आणि हा दारापर्यंत येऊन परत जाणारा. मला बोलवायला पाहिजे होतं म्हणे. दुखण्याचं आवतन देतात का? मी तसं त्याला म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं. तो बी मोठ्यानं बोलला, पागोट्याचं काढलं, व्याह्यांचं काढलं. भावजयीनं चहा आणला. मी घेतला नाही. बायकोनं माझा बी पिऊन घेतला.

रात्री ती पेटी भरायला लागली. मी तिच्याशी बोललो नाही, ती माझ्याशी भरपूर बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, पासबुक आणि आधार पिशवीत टाकलं आणि भावाच्या दारासमोर रस्त्यावरच थांबलो. आत पाय ठेवला नाही. तो दातवण करत होता.

"नंबर बदलाले चाललो," मी म्हटलं. "आजपासून तुले काई मॅसेज येणार नाई."

तो थुंकला, तोंड पुसलं. "बरं होईन. रात्री-बेरात्री वाजते थो." मग म्हणाला, "बँक दहाले उघडते."

"मले माहीत हाये."

"आता सात वाजले."

"थे बी माहीत हाये. आता घरात काई दुखलं-खुपलं तं तुले फोन सांगणार नाई. येऊन विचारा लागन."

एवढं बोलून मी थांबलो नाही. पहिल्या बसनं हिंगणघाटला गेलो, आणि बँकेचं शटर वर होईपर्यंत पायरीवर बसून राहिलो.