चारचौघांत हात

गुहागरच्या किनाऱ्यावर गेल्या दहा वर्षांत एकही प्रेमप्रकरण सुखरूप पार पडलं नसेल, तर त्याचं सगळं श्रेय माझ्या मावशीच्या यजमानांना द्यावं लागेल. काका शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. पोफळीची वाडी शिंपून झाली की रोज पाच वाजता ते सुरूच्या बनात गस्तीला निघत. सोबत पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे जिवलग मित्र. दोघं एकमेकांच्या बोटांत बोटं अडकवून चालायचे, जशी आपल्याकडे गावातली पुरुषमाणसं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. आणि त्याच अवस्थेत, मित्राचा हात न सोडता, ते झाडाखाली वीतभर अंतर राखून बसलेल्या जोडप्यापुढे उभे राहत आणि विचारत, "कोणाचा रे तू?"

हा प्रश्न साधा नव्हे. गावात त्याला उत्तर असतं. बापाचं नाव, वाडी, आजोळ, शाळेत कोणत्या साली नापास झाला ते सगळं दोन मिनिटांत बाहेर येतं. पालशेतचा एक मुलगा तर साखरपुडा झालेल्या मुलीशी शेंगदाणे खात बसला होता. तो घरी पोचला तेव्हा त्याची आई आधीच रडत होती. "आता दोन महिन्यांनी लग्न आहे त्यांचं," असं मी म्हणालो, तर काका म्हणाले, "मग दोन महिन्यांनी खाऊ देत शेंगदाणे."

स्वतःच्या घरातही काकांनी कुणाला सवलत दिली नाही. चाळीस वर्षांत त्यांनी मावशीला नावानं हाक मारली नव्हती. "ऐकलंस काय गो" हेच तिचं नाव. रस्त्यानं ते पुढे आणि ती मागे. मुलगा तान्हा असताना त्यांनी त्याला आपल्या वडिलांदेखत कधी मांडीवर घेतलं नाही, कारण वडीलधाऱ्यांपुढे आपल्याच मुलाचं कौतुक करणं निलाजरेपणाचं. स्वयंपाकघरात जाण्याआधी ते खाकरत. आत बायका असतात, त्यांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून पूर्वीच्या पुरुषांनी ही खाकरण्याची पद्धत घातली. आता आत एकटी मावशी असायची, तरी खाकरणं चालूच. प्रेम नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. शहाळं फोडलं की मलई वाटीत काढून ते ओट्यावर ठेवत आणि काही न बोलता निघून जात. वाटी कोणासाठी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच.

मुलगा कॅनडात असतो. त्यानं दोघांना सहा महिन्यांसाठी बोलावलं, तेव्हा व्हिसाच्या कामाला ती दोघं माझ्याकडे मुंबईला आली. संध्याकाळी मी त्यांना समुद्रावर नेलं आणि तिथेच चुकलो. कठड्यावर ओळीनं जोडपी बसली होती, रस्त्याकडे पाठ, समुद्राकडे तोंड, एकेका छत्रीत दोन डोकी. काका सरळ पहिल्या छत्रीपाशी गेले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, आपली ओळख आहे का?"

काकांच्या आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ओळखच नाही म्हटल्यावर बापाचं नाव तरी कसं विचारायचं? मुलगा जरा बरा होता. तो म्हणाला, "आमचं लग्न झालंय काका. घरी एका खोलीत सहा माणसं आहोत. इथे आमच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून इथे येतो." काका परत आले आणि मला म्हणाले, "लग्न झालंय म्हणे." गाडीत बसल्यावर मग एकदाच म्हणाले, "सहा माणसं." मावशीनं खिडकीबाहेर पाहिलं. तीही लग्नानंतर आठ माणसांच्या घरात आली होती.

कॅनडातल्या कहाण्या मला मुलाकडून फोनवर कळत गेल्या. विमानतळावर सुनेनं मिठी मारली, तेव्हा काका दोन्ही हात अंगाला चिकटवून पोफळीसारखे ताठ उभे राहिले. रोज सकाळी मुलगा कामावर निघताना दारात बायकोचा मुका घेई. काका लगेच खाकरत. मोठं माणूस घरात आहे, ही सूचना. सुनेला वाटलं, सासऱ्यांना हवा बाधली. तिनं औषधाची बाटली आणली. दोन बाटल्या संपल्यावर काकांनी मुलाला विचारलं, "माझ्यादेखत?" मुलगा म्हणाला, "बाबा, एक दिवस विसरलो तर तिला वाटतं माझं काहीतरी बिनसलंय."

म्हणजे तिथे सगळंच चालतं, असा काकांनी निष्कर्ष काढला आणि तोही चुकला. बागेत एका अनोळखी लेकराचा त्यांनी गालगुच्चा घेतला, तर त्याच्या आईनं मूल उचललं आणि चालू लागली. गुहागरात कुणाच्याही पोराचा गाल म्हणजे गावची मालमत्ता. पुढे त्यांना साताऱ्याकडचे एक निवृत्त इंजिनिअर भेटले. दोघं गावच्या सवयीनं हातात हात घालून फिरू लागले. आठवड्याभरानं शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मुलाला थांबवून मनापासून सांगितलं, की तुझे वडील आणि त्यांचे जोडीदार या वयात एकमेकांना किती जपतात, पाहून बरं वाटतं. मुलानं हे काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गृहस्थ खिशात हात घालून, मध्ये तिसरा माणूस मावेल इतकं अंतर ठेवून फिरू लागले.

मग बर्फ पडला. मावशी फाटकापाशीच घसरली. लागलं नाही, पण तिनं बाहेर पडणंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी काकांनी तिचे बूट दारात आणून ठेवले आणि हात पुढे केला. "धर. पडशील." ती धरून निघाली. रस्त्यानं माणसं जात होती, पण एकानंही मान वळवून पाहिलं नाही. टक लावून बघणं हाच तिथे असभ्यपणा. त्यानंतर रोज ती दोघं तळ्यापर्यंत तशीच जात आणि तशीच परत येत. सून म्हणाली, मार्चअखेर रस्ते कोरडे झाले तरी हात सुटला नव्हता.

एप्रिलमध्ये ती दोघं परत आली. गुहागरला एसटीतून उतरताना मी बरोबर होतो. काका आधी उतरले आणि त्यांनी सवयीनं हात वर केला. स्टँडवर निम्मं गाव उभं होतं. मावशीनं त्या हाताकडे पाहिलं, दाराची दांडी धरली आणि एकटीच उतरली. "अहो, लोक बघताहेत," एवढंच हळू म्हणाली. काकांनी तो हात मग पिशवीला लावला.

त्यांची गस्त थांबली. ते बनात जातात, पण जोडपं दिसलं की वाट बदलतात. पोस्टातल्या मित्रानं बोटं अडकवली तर कसंनुसं हसतात, सोडवून घेत नाहीत. मे महिन्यात मी गेलो, तेव्हा आम्ही दोघं वाळूवर बसलो होतो. समोरून एक पोरगा आणि पोरगी हातात हात घालून पाण्याच्या कडेनं चालली होती. मला वाटलं, आता उठतील. काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"तिकडे बर्फ होता रे," ते म्हणाले. "इकडे तिला काय सांगू?"

तेवढ्यात वाडीतून मावशीनं जेवायला हाक मारली आणि काका धोतराची वाळू झटकत उठले.