पळसदरा फाट्यावरची जीप

धनराज आहेरची काळीपिवळी जीप सतरा वर्षं नांदगाव-मनमाड रस्त्यावर धावत होती. रंग उडालेला, मागच्या दाराला दोरी बांधलेली, पण इंजिन कसं ठणठणीत! धनराज स्वतःही तसाच. पंचेचाळिशी उलटलेली, केस पांढरे होत चाललेले, आवाज मात्र असा की पळसदरा फाट्यावरून त्यानं ‘मनमाड, मनमाड’ म्हणून हाक दिली की पलीकडच्या शेतातली माणसं धावत यायची. फाट्यापासून मनमाडचे एसटीला तीस रुपये पडायचे, धनराजलाही तीसच. पण एसटी तासा-दीड तासानं यायची आणि धनराज जीप भरली की निघायचा. घाईवाले, पाटीवाले, लेकुरवाळ्या बाया, सगळे त्याच्याकडे.

त्याला एक हिशेब पाठ होता, शाळेत न शिकताच. एसटीचं भाडं वाढलं की आपली गाडी भरते. ज्या हिवाळ्यात एसटीचा संप होता, तेव्हा तर माणसं टपावर बसायला तयार होती. एसटी आणि जीप म्हणजे एकाच वाटेच्या दोन सवती. एकीचं महागलं की दुसरीचं फावतं.

मग मार्च दोन हजार तेवीसमध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं.

पहिल्या दिवशी धनराजला काही जाणवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जाणवलं. जीपजवळ येऊन बाया थांबायच्या, त्याच्याकडे बघून हसायच्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या. एसटी दिसली की पदर खोचून तिकडे धावायच्या.

“अहो मावशी, गाडी लावलीय ना!” धनराज ओरडायचा.

“आज राहू दे रे भाऊ, उद्या बघू,” असं उत्तर यायचं. तो उद्या काही उगवला नाही.

बाया गेल्या तसे त्यांच्याबरोबरचे नवरेही गेले. गडी माणसाला एसटीत पूर्ण तिकीट होतं, पण बायको एसटीत आणि आपण जीपमध्ये, असं कोण करतं? धनराजनं भाडं तिसाचं पंचवीस केलं. मग वीस केलं. वीस रुपयांत तर डिझेलही नीट सुटेना, आणि तिकडे बाईला पंधरा पडत होते. त्याच्या बरोबरीचा रावजी म्हणून एक जीपवाला होता. तो रोज एसटीला शिव्या घालायचा. धनराज शिव्या घालत नसे. तो नुसता स्टेअरिंगवर हनुवटी टेकून बसायचा आणि म्हणायचा, “गाडी तीच, रस्ता तोच. मी रुपयानं वाढवलं नाय. मग माणसं गेली कुठं?”

एका सकाळी तो फाट्यावर असाच बसला होता. नांदगावकडून एसटी आली. थांबली. खिडकीशी एक ओळखीची हिरवी साडी होती. धनराजनं डोळे ताणून बघितलं. ती त्याची बायको होती, सरिता.

तिलाही तो दिसला होता. तिनं चटकन तोंड फिरवलं आणि एसटी निघून गेली.

दुपारी ती घरी आली तेव्हा धनराज ओट्यावर बसून होता.

“दात दुखतोय, मनमाडला दाखवून येते असं म्हणालेली मी,” सरिता आपणहूनच बोलली.

“माझ्या जीपमधून फुकट गेली असतीस की.”

“गेली असते. पण तुमची जीप भरायची कधी आणि मी पोचायची कधी? डॉक्टर अकरालाच दवाखाना बंद करतो.” मग ती जरा थांबली. “आणि खरं सांगू का? अर्ध्या पैशांत स्वतःचं तिकीट स्वतः काढलं, लय बरं वाटलं. माझीच ही गत, तर बाकीच्या बायांवर तुमी कशाला चिडता?”

धनराजला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हेच कळेना. रात्रीची भाकरी खाऊन तो लवकरच आडवा झाला. सकाळी उठला तेव्हा मात्र त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. जी गाडी आपल्या घरची बाई सोडून गेली, ती गाडी या रस्त्यावर आता चालायची नाही.

जीप विकायची, असं त्यानं ठरवलं. मालेगावचं एक गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार होतं.

शुक्रवारी दुपारी तो फाट्यावर उभा होता. मनमाडकडून एसटी आली आणि सात-आठ बाया उतरल्या. त्यात पळसदऱ्याच्या वाडीतल्या कुसाबाई होत्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावर रिकामी पाटी, हातात तेलाचा डबा. मनमाडला त्या मेथी, कोथिंबीर, हिरवी मिरची विकत. वर्षानुवर्षं धनराजच्या जीपमध्ये बसलेल्या. त्याला बघून त्या ओशाळल्या, पण टाळून गेल्या नाहीत. सरळ त्याच्यापाशी आल्या.

“रागावलास व्हय रे धना?”

“मी कोण रागावणार मावशे?”

“रागावलाच हायेस. पण ऐक. आधी आठवड्यातनं एकदा बाजाराला जायचे मी. जाऊन-येऊन साठ रुपये मोडायचे, मग कोथिंबिरीत काय उरायचं? आता तीनदा जाते. माझी नातसून सायली शिवणक्लासला जाते, ती तर आधी घराबाहेर पडतच नव्हती. वाडीतल्या वीस-एक बाया अशा जायला लागल्यात.”

“मग चांगलं हाय की. जा.”

“अरे, पण जायचं कसं?” कुसाबाईंनी पाटी खाली ठेवली आणि आत जाणाऱ्या कच्च्या वाटेकडे हात केला. “वाडी ते फाटा पाच किलोमीटर. एसटी काय आमच्या दारात येते? आठवड्यातनं एकदा होतं तवा पायी यायचो, निभायचं. आता तीनदा पाटी घेऊन चालताना गुडघ्यांचं वाटोळं झालं. तू मनमाडला नेऊ नको आम्हाला. तिथं एसटी हाय. तू फक्त आम्हाला एसटीपर्यंत आण. दहा रुपये घे माणशी.”

धनराजनं त्या वाटेकडे बघितलं. त्या वाटेनं तो सतरा वर्षांत लग्नाकार्याखेरीज कधी गेला नव्हता; तिथं माणसंच मिळायची नाहीत. पण ते तेव्हा. मनमाडचा प्रवास महाग होता तेव्हा वाडीतून फाट्यावर यायला कुणाला कशाला गाडी लागेल? आता मनमाड स्वस्त झालं होतं, म्हणून फाट्यापर्यंतची गरज वाढली होती. ज्या एसटीनं त्याची माणसं ओढून नेली, तीच एसटी आता त्याच्यासाठी माणसं गोळा करून ठेवत होती. इतके दिवस तो त्यांना चुकीच्या रस्त्यावर शोधत होता.

“बसा मावशे,” तो म्हणाला. “तुमीबी बसा गं सगळ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं वाडीतल्या मारुतीच्या पारापाशी जीप लावली. अकरा बाया आणि दोन म्हातारे आले. पावणेआठची एसटी त्यांना मिळवून दिली आणि तो पुन्हा आत गेला, नऊच्या एसटीची माणसं आणायला. मालेगावच्या गिऱ्हाइकाला त्यानं फोन करून सांगितलं, “गाडी विकायची नाय. माफ करा.”

पहिला महिना ओढाताणीचा गेला. वाट खडकाळ, टायर झिजायचे. पण फेरी छोटी होती, डिझेल थोडं लागायचं आणि जीप कधी अर्धी जात नसे. धनराजनं एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ केलं. पूर्वी तो एसटीच्या आधी पोचायला धडपडायचा. आता एसटीला दहा मिनिटं उशीर झाला तरी त्याचा जीव खालीवर होई, कारण बाया वैतागून दुसऱ्या दिवशी घरी बसल्या तर जीपही घरी बसणार. कंडक्टरशी त्याची दोस्ती जमली. वाडीकडून जीप येताना दिसली की कंडक्टर दोन मिनिटं बेल न मारता एसटी थांबवून ठेवायचा. धनराज त्याला वाडीतली बोरं नेऊन द्यायचा.

रावजी मोठ्या रस्त्यावरच राहिला. दीड वर्षानंतर, दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, त्याचा सकाळी सकाळी फोन आला.

“धन्या, एसटी महागली! आता बघ माणसं कशी आपल्याकडं येतात!”

रावजीचा आनंद खोटा नव्हता. गडी माणसाचं तिकीट चार-पाच रुपयांनी वाढलं आणि मोठ्या रस्त्यावरचे काही पुरुष खरंच त्याच्या जीपकडे वळले. पण धनराज फोन ठेवून बोटांवर आपली माणसं मोजू लागला. एक काळ होता, अशी बातमी ऐकून त्यानं स्टँडवर चहा वाटला असता. आता एसटी महागली म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाचा प्रवास महागला. आठवडाभरात वाडीतले तिघे पुरुष पेट्रोल वाटून घेत मोटरसायकलवर थेट मनमाडला जायला लागले; त्यांच्या तीन जागा गेल्या. बायांचं तिकीट मात्र दोन-अडीच रुपयांनीच वाढलं होतं. त्या कुरकुरल्या आणि येत राहिल्या. धनराजनं आपले दहा रुपये दहाच ठेवले.

“वाढवा की तुमीबी. सगळं वाढतंय,” सरिता म्हणाली.

“मी वाढवलं तर त्या एसटीलाबी जायच्या नाय. दोन्ही मिळूनच त्यांचा प्रवास हाय ना.”

सरितानं त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. “माझा दात दुखला ते बरंच झालं म्हणायचं, तुमचा मोठ्या रस्त्याचा नाद तरी सुटला,” ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

त्या दिवाळीत सरितानं नांदगावच्या बाजारातून एक नऊवारी लुगडं घेतलं, जांभळ्या काठाचं. पाडव्याला दोघं जीपमधून वाडीत गेले. कुसाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सरितानं त्यांना कुंकू लावलं, लुगडं हातात दिलं आणि पाया पडली. धनराजही वाकला.

“अगं, हे काय? मला कशाला?” कुसाबाई गडबडल्या. “मी तर माझ्या गुडघ्यांसाठी बोलले व्हते.”

“मावशे, त्या दिवशी तुमी माझ्यापासनं तोंड चुकवून गेला असता तर जीप मालेगावला गेली असती,” धनराज म्हणाला. त्याला आणखी बरंच सांगायचं होतं. या बाईनं आपली जीप सोडली, आणि तिनंच आपल्याला जीपची वाट दाखवली. हे कसं बोलून दाखवावं ते त्याला सुचेना.

कुसाबाईंनी लुगड्याची घडी उलगडून काठ बघितला, पुन्हा नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मग सायलीला हाक मारून चहा टाकायला सांगितला. आणि लगेच धनराजकडे वळून म्हणाल्या, “बरं, उद्या भाऊबीज हाय. माहेरवाशिणींची लय गर्दी व्हईल. सहालाच येशील का?”

“साडेपाचला येतो,” धनराज म्हणाला.