दोऱ्यांचा डोंगर

कर्जतच्या पाटबंधारे कचेरीत मी ट्रेसर होते. ट्रेसिंग कापडावर शाईने समोच्चरेषा गिरवणं हे माझं काम. एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा म्हणजे समोच्चरेषा. रेषा लांब लांब असतील तर जमीन सपाट, एकमेकींना खेटल्या तर कडा. हे मला कचेरीने नाही, माझ्या वडिलांनी, अण्णांनी शिकवलं. बटाटा अर्धा कापून, त्याच्यावर सुरीने समान उंचीच्या खुणा करून. अण्णा भूगोलाचे मास्तर. निवृत्तीनंतर दहिवलीत आमच्याकडेच राहायचे.

खालापूरकडच्या एका डोंगरवाडीत त्यांची पहिली नोकरी झाली होती. शाळा म्हणजे कुडाची झोपडी. तिथे आता पक्की इमारत झाली, म्हणून त्यांचा एक जुना विद्यार्थी आमंत्रण घेऊन आला.

"मास्तर, तुमी यायलाच पायजे. फीत तुमच्या हातानं कापायची हाय."

"येणार. पण त्या लांबच्या वाटेने नाही रे, गुडघे ऐकत नाहीत. जवळची वाट मी शोधतो."

तो गेल्यावर अण्णांनी ट्रंकेतला सर्वेचा जुना नकाशा काढला आणि खिडकीपाशी मान तिरकी करून बसले. संध्याकाळी मी कामावरून आले तर ते खुशीत होते.

"हे बघ. डोंगराच्या या सोंडेवरून सरळ वर. चारच रेषा ओलांडायच्या. रेषेला पन्नास फूट, म्हणजे दोनशे फुटांचा चढ. रमतगमत जाईन."

मी वाकून पाहिलं. चार रेषा होत्या खऱ्या, पण त्या जाड. सर्वेच्या नकाशात दर पाचवी रेषा जाड काढतात, मोजायला सोपं जावं म्हणून. प्रत्येक दोन जाड रेषांमध्ये चार बारीक तपकिरी रेषा केसांसारख्या चिकटून होत्या. चढ दोनशेचा नव्हता, हजार फुटांचा होता, आणि तोही जवळजवळ उभा.

"अण्णा, या दोन रेषांच्या मधे काय दिसतं?"

"मधे काय असणार? मोकळं आहे."

मी बोट ठेवून पुन्हा विचारलं. ते चिडले. "मला नकाशा शिकवतेस का गं?"

मी रजा टाकली आणि त्यांना मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसत राहील, घरात वावरतील. बारीक काही दिसणार नाही. चष्म्याने सुधारायचं नाही. परतीच्या वाटेवर अण्णांनी एवढंच विचारलं, "किती रेषा होत्या मधे?"

"चार चार."

"म्हणजे हजार." हिशेब त्यांनी लगेच केला.

घरी आल्यावर मात्र त्यांचं पालुपद सुरू झालं: सोंडेला कुठेतरी खाच असेल, तिथून वाट निघेल, तू नीट पाहिलं नसशील. तोंडी सांगून ते ऐकणारे नव्हते. मी तेवढा भाग चौकोन पाडून मोठा करून पुठ्ठ्यावर काढला आणि प्रत्येक रेषेवर खळ लावून शिवणाचा दोरा चिकटवला. पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी पायथ्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. खाली दोरे लांब लांब होते. बोट सहज चाललं. सोंडेपाशी दोऱ्याला दोरा लागला आणि बोट थांबलं. त्यांनी डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. खाच कुठेच नव्हती. कड्याच्या वर पुन्हा दोरे विरळ झाले, तिथे बोट बराच वेळ होतं.

"इथे शाळा," ते म्हणाले. "चांगलं काम केलंस. इथून मला जाता येणार नाही."

विद्यार्थी पुन्हा आला तेव्हा त्याने डोलीचं काढलं. "चार गडी लावतो, मास्तर. लांबच्या वाटेनं अलगद नेतो. वजन तरी केवढं तुमचं? भाताचा भारा जड असतो."

"मास्तर शाळेत चालत जातो. हा पुठ्ठा ने. पोरांना डोळे मिटून हात लावायला सांग."

"तुमच्याबगर कसली फीत, मास्तर."

"काप रे तूच. तुला कात्री धरता येते, मला ठाऊक आहे. माझ्या नकाशातला समुद्र कापून होड्या केल्या होत्यास."

तो हसला, मग डोळे पुसत पुठ्ठा घेऊन गेला. कार्यक्रम झाला त्या दिवशी अण्णा सकाळपासून कपडे करून ओटीवर बसून होते. दुपारी त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि जेवले.

पुढे सर्वेच्या कामाने आमची जीप त्या बाजूला गेली. लांबच्या वाटेने मी वर गेले. पुठ्ठा वर्गात खिळ्याला टांगलेला होता. खळ झुरळांनी खाल्ली होती. कड्याचे दोरे दाटीने एकमेकांना धरून राहिले होते. वरच्या सपाटीचे, शाळेच्या जागेचे, तेवढे सुटून लोंबत होते.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "पुठ्ठा आहे का?"

"आहे," मी म्हटलं.