गोळ्यांनंतरचा तास

म्हातारा शिंपी रोज सहाला उपाशीपोटी क्षयाच्या गोळ्या गिळायचा आणि गिळल्याची खात्री म्हणून व्हिडिओ कॉलवर परगावच्या लेकीला तोंड उघडून दाखवायचा. पुढे तासभर चहा नाही, म्हणून दोघं बोलत बसायची. लग्नानंतर लेक एवढी कधीच बोलली नव्हती.

चौथ्या महिन्यात खोकला गेला, अंगावर मांस चढलं. शेजारी म्हणाला, "ठणठणीत झालास, सोड आता!"

शिंपी उखडला. "मध्येच सोडू? मग रोग उलटेल तेव्हा गोळ्यांनाही जुमानणार नाही!"

सहा महिने झाले, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. लेकीला सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना. सकाळी फोन वाजताच त्याने नुसतंच पाणी पिऊन तोंड उघडलं.

"अण्णा, गोळ्या काल संपल्या, ठाऊक आहे मला," लेक म्हणाली. "चहा आणा. सहा महिने मीही तुमच्यासाठी तो तासभर चहाविना थांबलेय."