ताहेराबीचा काळा रंग

जुन्या जालन्यातल्या रंगारीण ताहेराबीच्या दारात कापडवाल्या राधेश्यामने ब्लीचने तपकिरी पडलेला सदरा आपटला. "तुझा काळा रंग कच्चा!" तो गल्लीभर ओरडला.

"शेटजी, हा माझा न्हाईच." तिने दुमडीतला काळा राहिलेला धागा उसवून रंग उतरवणाऱ्या कॉस्टिक-हायड्रोच्या गरम पाण्यात बुडवला. धागा पिवळट झाला, पण हवेत धरताच पुन्हा काळा पडला. "हा गंधकाचा रंग. धुवून करडा होतो, ब्लीचनं तपकिरी." मग तिने स्वतःचा रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा धागा बुडवला. तो फिकटला, तो फिकटच राहिला. "माझा धुण्यानं सुटत न्हाई, या पाण्यात मेला तर परत येत न्हाई."

"जाऊ दे ना, आपा," राधेश्याम हळूच म्हणाला.

"ओरडून बोललात, मंग ओरडूनच माफी मागा!"

तो सदरा उचलायला वाकला. पण माफी मिळेपर्यंत गल्लीला दिसावा म्हणून तिने सदरा दारावरच टांगला.